छेद चुकला की दर चुकतो

अर्भक मृत्युदर म्हणजे एका वर्षात, वयाचे एक वर्ष पूर्ण होण्याआधी दगावलेली बालके, दर हजार जिवंत जन्मांमागे. एखाद्या जिल्ह्यात वर्षभरात 40,000 जिवंत जन्म झाले आणि 720 अर्भके दगावली, असे धरू. 720 ला 40,000 ने भागून 1000 ने गुणले की दर येतो 18. यांतील 520 बालके पहिल्या 28 दिवसांत गेली असतील, तर नवजात मृत्युदर 13. छेद तोच राहतो, फक्त अंशातले वय बदलते.

खरी मेख ‘जिवंत जन्म’ या शब्दांत आहे. जन्मल्यावर बाळाने एकदा जरी श्वास घेतला किंवा त्याचे हृदय धडधडले, तरी तो जिवंत जन्म. मग ते काही मिनिटांत गेले तरी. प्रत्यक्षात असे बाळ पुष्कळदा ‘उपजत मृत’ म्हणून नोंदले जाते. या जिल्ह्यात अशी 80 बाळे चुकीच्या रकान्यात गेली, तर अर्भकमृत्यू 640 आणि जिवंत जन्म 39,920 उरतात. दर 16 वर येतो. एकही जीव न वाचता आकडा सुधारतो!

ही चूक पेरिनेटल मृत्युदरातून उघडी पडते. त्यात 28 आठवड्यांनंतरचे उपजत मृत्यू आणि पहिल्या सात दिवसांतले मृत्यू एकत्र मोजतात. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीत त्याचा छेद जिवंत जन्म अधिक उपजत मृत्यू असा असतो. जिल्ह्यात 400 उपजत मृत्यू आणि पहिल्या आठवड्यातले 360 मृत्यू असतील, तर 760 भागिले 40,400, म्हणजे सुमारे 18.8. ती 80 बाळे इकडून तिकडे गेली तरी बेरीज 760 च राहते आणि छेदही हलत नाही. म्हणून अर्भक मृत्युदर घसरला, पण पेरिनेटल दर जागचा हलला नाही, तर आधी नोंदवह्या तपासाव्यात.

माता मृत्यूची व्याख्या जास्त काटेकोर आहे. गर्भारपणात किंवा ते संपल्यापासून 42 दिवसांत, गर्भारपणाशी वा त्यावरील उपचारांशी निगडित, किंवा त्यांमुळे बळावलेल्या कारणाने झालेला मृत्यूच त्यात येतो. रस्त्यावरच्या अपघातात गेलेली गर्भवती त्यात धरत नाहीत. जिल्ह्यात असे 16 मृत्यू झाले, तर दर लाख जिवंत जन्मांमागे 40. हे गुणोत्तर आहे, कारण अंशातल्या माता छेदातल्या बाळांचा भाग नसतात. छेदात खरे तर गर्भवती हव्यात, पण सगळ्या गर्भधारणांची नोंद होत नाही. माता मृत्युदर मात्र 15 ते 49 वयाच्या स्त्रियांवर काढतात. त्या 6,40,000 असतील, तर दर लाख स्त्रियांमागे 2.5. परीक्षेत या दोहोंचीच गल्लत सर्वाधिक होते.

शिवाय 16 ऐवजी 12 मृत्यू झाले की गुणोत्तर एकदम 40 वरून 30 वर येते. इतक्या थोड्या घटनांवर एका वर्षाचा निष्कर्ष टिकत नाही, म्हणून नमुना नोंदणीत हे गुणोत्तर तीन वर्षे एकत्र करून काढतात. 2018-20 मध्ये भारताचे ते 97 आणि महाराष्ट्राचे 33 होते.