ऑफर आल्यावर उलट मागणीची ईमेल

नोकरीची ऑफर हातात आल्यावर, ती स्वीकारण्याआधी पगार वाढवून मागणारी जी ईमेल उमेदवार पाठवतो, तिचं निम्मं काम कागद-पेन्सिल घेऊन होतं. कंपनी बोलते ती सीटीसीची भाषा. म्हणजे वर्षभरात त्या माणसावर होणारा एकूण खर्च. उमेदवाराचं घर चालतं ते दरमहा खात्यात जमा होणाऱ्या रकमेवर. या दोहोंमधलं अंतर न मोजता लिहिलेली ईमेल बहुधा चुकीचाच आकडा मागते.

उदाहरणादाखल आमगावची एक मार्केटिंग मॅनेजर घेऊ. अनुभव अकरा वर्षांचा. नागपुरात पॅकबंद तांदूळ विकणाऱ्या कंपनीत नोकरी, शनिवार-रविवार आमगावला घरी. सध्याची सीटीसी १४ लाख, पुण्याहून आलेली ऑफर १८ लाखांची. चार लाखांची वाढ ऐकून घरात पेढे येतात, पण पेढ्यांआधी ऑफर लेटरला जोडलेलं पगाराचं परिशिष्ट वाचायला हवं. त्यात २ लाख ७० हजार व्हेरिएबल आहे. कंपनीचं आणि स्वतःचं उद्दिष्ट गाठलं तरच, तेही वर्षअखेरीस मिळणारं. उरलेले १५ लाख ३० हजार म्हणजे फिक्स्ड. पण त्यातही मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरलेली आहे. बेसिक ९ लाख असल्याने १२ टक्क्यांनी पीएफचे १ लाख ८ हजार जातात आणि ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटीचे सुमारे ४३ हजार. ग्रॅच्युइटी तर साधारणपणे पाच वर्षं टिकल्यावरच हाती येते. महिन्याला उरतात सुमारे १ लाख १४ हजार ९००, आणि त्यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ ९ हजार कापला की राहतात १ लाख ५ हजार ९००.

नागपूरची कंपनी पीएफ कायद्यातल्या १५ हजारांच्या मर्यादेवरच भरते, म्हणून तिथे कपात फक्त १,८०० रुपयांची आहे. आयकर बाजूला ठेवला, तर आज तिच्या हातात १ लाख ३ हजार २०० येतात. म्हणजे चार लाखांच्या वाढीतून महिन्याला वाढतात जेमतेम २,७००. पीएफमध्ये जास्त साठतं हे खरं, आणि ते पैसे तिचेच आहेत. पण पुण्यातल्या घराचं भाडं पीएफमधून भरता येत नाही. आमगावजवळच्या गोंदियाहून सुटणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुणं गाठायला जवळजवळ पूर्ण दिवस जातो. दर शनिवारी घरी येणंही संपलं.

आता मागणीचा शब्द. इंग्रजी पुस्तकांतून उचललेल्या नमुन्यांत ‘बेस’ वाढवून मागतात, आणि आपल्याकडे त्याचं सहज ‘बेसिक’ होऊन जातं. इथेच फसगत होते. समजा, तिने बेसिक दहा टक्के वाढवून मागितलं आणि एचआरने सीटीसी तीच ठेवून स्पेशल अलाउन्समधले ९० हजार बेसिकमध्ये टाकले. मागणी अक्षरशः मान्य झाली. पण दोन्ही बाजूंचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाढल्याने हातात येणारी रक्कम महिन्याला सुमारे २,१६० रुपयांनी घटली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाल्यावर भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे बेसिक निम्म्याच्या आसपास ठेवण्याकडे कंपन्यांचा कल आहे. म्हणून मागायचं ते ‘व्हेरिएबल सोडून वार्षिक फिक्स्ड’, आणि सोबत व्हेरिएबलची रक्कम तीच राहावी हेही लिहायचं. नाहीतर एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलं जातं.

दुसरी मागणी लवकर आढाव्याची. हिची गरज पंचांगातून, म्हणजे कंपनीच्या पंचांगातून येते. नोटीस पीरियड ९० दिवसांचा. ती रुजू होणार जानेवारीच्या मध्यावर. अप्रेझल एप्रिलमध्ये, पण ३० सप्टेंबरनंतर आलेल्यांना त्या एप्रिलची वाढ नाही, असा या कंपनीचा नियम आहे. असे नियम अनेक ठिकाणी असतात. मग पहिली वाढ थेट पंधरा महिन्यांनी. एचआरला फिक्स्डचा आकडा देता येत नसेल, कारण त्या पदाचा पगाराचा पट्टा ठरलेला असतो, तेव्हा आढावा देणं त्यांना सोपं जातं: आज खर्च काही नाही. याच कारणाने ते तोंडी पटकन ‘हो’ म्हणतात.

आधी फोनवर बोलून मग पाठवलेली ईमेल इंग्रजीत जाईल. मराठीत तिचा आशय असा:

‘नमस्कार मॅडम, ऑफरबद्दल आभार. हे काम मला करायचं आहे आणि खालील दोन गोष्टी जुळल्या तर मी लगेच स्वीकृती देईन. एक, व्हेरिएबल २ लाख ७० हजार तसंच ठेवून वार्षिक फिक्स्ड १५ लाख ३० हजारांऐवजी १७ लाख असावं. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भात शून्यातून वितरकांचं जाळं उभारण्याचं काम मी केलं आहे, आणि तुमच्या या पदाची पहिल्या वर्षाची जबाबदारी हीच आहे. दोन, रुजू झाल्यापासून सहा महिन्यांनी वार्षिक अप्रेझलपासून वेगळा वेतन-आढावा व्हावा. त्याचे निकष पहिल्या महिन्यात माझ्या मॅनेजरसोबत लेखी ठरावेत. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर मला राजीनाम्याची तारीख ठरवता येईल.’

यात भाड्याचा, मुलांच्या शाळेचा, पुण्याच्या महागाईचा उल्लेख नाही. तो हिशोब तिचा स्वतःचा. एचआरला वरिष्ठांपुढे मांडायला पदाशी जोडलेलं कारण लागतं. मार्केटिंगवाल्यांची नेमकी उलट चूकही होते. आकड्यांची सवय असल्याने ते सध्याच्या कंपनीची विक्री, स्कीमचा खर्च, वितरकांची नावं सगळं ईमेलमध्ये ओततात. नवी कंपनी ते आवडीने वाचते आणि उद्या आपलीही माहिती अशीच बाहेर जाईल हेही टिपून ठेवते. आणि ‘वेतन-आढावा’मधला ‘वेतन’ हा शब्द गाळू नये. नुसता आढावा म्हणजे सहा महिन्यांनी मॅनेजरसोबत चहा आणि ‘छान चाललंय’.

उत्तर आलं असं धरू: फिक्स्ड १६ लाख २० हजार, व्हेरिएबल तेच, सहा महिन्यांचा आढावा मान्य. बेसिक सीटीसीच्या निम्मं, म्हणजे ९ लाख ४५ हजार धरून गणित पुन्हा मांडलं की हातात महिन्याला सुमारे १ लाख १२ हजार ३०० येतात. वाढ २,७०० वरून ९,१०० वर गेली. १७ चे १६.२० झाले म्हणून पुन्हा ताणण्यात फारसं हशील नाही, कारण दुसरी फेरी सहसा त्याच पट्ट्याच्या टोकाला अडते. उरलेले ८० हजार आढाव्याच्या वेळी विचारात घ्यावेत, एवढं मात्र लिहून मागता येतं.

पण आढाव्याचं वचन एचआरच्या ईमेलमध्येच राहिलं आणि सुधारित ऑफर लेटरमध्ये आलं नाही, तर ते त्या एका व्यक्तीच्या इनबॉक्समध्ये राहतं. भरती करणारी व्यक्ती बदलली, मॅनेजर बदलला की कुणाला काही आठवत नाही. म्हणून शेवटची ईमेल दोन ओळींची: ‘मान्य आहे. कृपया सुधारित पत्रात नवं फिक्स्ड आणि सहा महिन्यांच्या वेतन-आढाव्याचं कलम टाकून पाठवावं.’ पत्र आल्यावर परिशिष्टातल्या बेरजा पुन्हा तपासायच्या आणि त्यानंतरच नागपूरच्या कंपनीत राजीनामा द्यायचा. तो आधी दिला, तर शुक्रवारची मुदत तिच्या हातात उरत नाही.