किरण आला की आली?

मराठी कादंबरीतल्या दुय्यम पात्राला किरण, शशी, स्नेहल किंवा शीतल असे नाव दिले, तर ते पात्र स्त्री आहे की पुरुष हे वाचकाला नावावरून कळत नाही. ही नावे दोघांचीही असतात. लेखिका कमल देसाई स्त्री, तर अभिनेते कमल हासन पुरुष. यष्टिरक्षक किरण मोरे पुरुष, तर पोलीस अधिकारी किरण बेदी स्त्री. तरीही प्रत्येक नावाचा थोडा कल असतोच. जुन्या पिढीच्या मराठी घरात कमल म्हटले की आधी बाईच डोळ्यांसमोर येते, म्हणून पात्राचा काळ, प्रांत आणि वय पाहून नाव निवडावे लागते. किरण त्या मानाने समतोल आहे.

नाव मिळाले तरी खरे काम पुढेच असते. इंग्रजीत सर्वनाम टाळले की बरेच काही साधते. मराठीत क्रियापदही गुपित फोडते. ‘किरण आला’ किंवा ‘किरण आली’ यांतले एक लिहावेच लागते. आदरार्थी बहुवचनानेही सुटका होत नाही, कारण तिथे ‘आले’ आणि ‘आल्या’ आहेत. फ्रेंचमध्येही अशीच अडचण आहे. आन गारेता यांनी 1986 च्या ‘स्फिंक्स’ या कादंबरीत निवेदक आणि त्या निवेदकाची प्रिय व्यक्ती, दोघांचेही लिंग शेवटपर्यंत उघड केले नाही. त्यासाठी लिंग दाखवणारी भूतकाळाची रूपे टाळून त्यांनी दुसरे काळ वापरले.

मराठीलाही अशा वाटा आहेत. ‘किरणने पत्र लिहिले’ या वाक्यात क्रियापद पत्राप्रमाणे चालते. ‘किरणला राग आला’ यात ते रागाप्रमाणे चालते. ‘किरण येईल’ हा भविष्यकाळ आणि ‘किरण दर रविवारी येई’ हा रीतिभूतकाळ, दोन्ही लिंग दाखवत नाहीत. समोरासमोरच्या बोलण्यात ‘तुम्ही कधी आलात?’ हा प्रश्न कोणालाही विचारता येतो. विशेषणांत हुशार, शांत, उंच चालतात. मोठा, बुटका, शहाणा चालत नाहीत. ‘व्यक्ती’ हा शब्द स्वतःच स्त्रीलिंगी असल्याने ‘ती व्यक्ती निघून गेली’ हे वाक्य पुरुषाबद्दलही खरे ठरते. मात्र हा शब्द दोनतीनदा आला की मजकूर पंचनाम्यासारखा वाटू लागतो.

समजा, एका कादंबरीत वडिलांच्या मृत्यूनंतर कपाटात मनिऑर्डरच्या पोचपावत्या सापडतात. प्रत्येकीवर सही एकच : किरण जाधव. आईला वाटते, ही नवऱ्याची कोणी बाई असावी. ती किरणला ‘ती’ म्हणते. मुलाला वाटते, वडिलांनी कोणाचे तरी कर्ज फेडले. तो ‘तो’ म्हणतो. निवेदक मात्र दोन्ही टाळतो आणि ‘पैसे दर महिन्याला किरणकडे जात’ एवढेच सांगतो. इथे नावाची संदिग्धता कथेला खरोखर कामी येते, कारण एकच नाव दोघेजण आपापल्या भीतीप्रमाणे वाचतात. पत्र पाठवल्यावर एके दिवशी दार वाजते. “मी किरण. पत्र मिळाले, पण निघायला उशीर झाला.” अजूनही काही उघड झालेले नाही. मग निवेदक लिहितो, ‘किरण आत आला.’ या एका क्रियापदाने आईचा संशय कोसळतो.

या मांडणीत प्रामाणिकपणाची एक अट आहे. पात्रांचा गैरसमज होऊ शकतो, पण निवेदकाने एकदाही खोटे ‘ती’ लिहिले तर वाचकाची फसवणूक होते आणि तो मागची पाने उलटून ती पकडतो. दुसरी अडचण ओळखीची. किरणला भेटलेला माणूस सहज ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणणारच. दादा, ताई, साहेब, मॅडम असे काही तोंडी येणारच. अशा माणसाला लिंग टाळून बोलायला लावले तर संवाद लगेच कृत्रिम होतो. म्हणून खुलासा होईपर्यंत असे पात्र पत्र, सही किंवा ऐकीव गोष्टींतूनच दिसलेले बरे. म्हणूनच ही युक्ती मोजक्या प्रसंगांत येणाऱ्या दुय्यम पात्राला शोभते. नायकासाठी शेकडो पाने ती निभावणे फार जड जाते.

ताण येतोय हे ओळखण्याची खूण म्हणजे एकाच परिच्छेदात चारपाच वेळा आलेले ‘किरण’. सर्वनाम वापरता येत नसल्याने नाव पुन्हा पुन्हा येते आणि चाणाक्ष वाचकाला लपवाछपवी जाणवते. अशा वेळी प्रसंग छोटा करावा किंवा वाक्याचा कर्ता बदलून आवाज, हात, अक्षर यांना पुढे आणावे : ‘अक्षर घाईत काढलेले होते.’ हस्तलिखित पूर्ण झाल्यावर नाव असलेले प्रत्येक वाक्य शोधून त्याचे क्रियापद तपासावे. मुद्रितशोधकाला आणि मलपृष्ठाचा मजकूर लिहिणाऱ्यालाही आधी कल्पना द्यावी, नाहीतर पुस्तकाच्या पाठीवरच ‘किरण नावाचा तरुण’ छापून येतो.