ओंडक्यातली सर्वांत दणकट तुळई

गोल ओंडक्यातून चौकोनी तुळई कापायची आहे. ओंडक्याचा व्यास ३० सेंटिमीटर आहे आणि तुळईचे चारही कोपरे सालीला टेकणार आहेत. रुंदी किती ठेवायची आणि उंची किती? बहुतेकांचं पहिलं उत्तर ‘चौरस कापा’ असं असतं, कारण त्यात लाकूड सर्वांत कमी वाया जातं. ते खरंही आहे. पण सर्वांत जास्त लाकूड असलेली तुळई सर्वांत दणकट असतेच असं नाही.

पट्टी आडवी धरली तर सहज वाकते आणि उभ्या कडेवर धरली तर वाकत नाही, हे सगळ्यांनी अनुभवलेलं असतं. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात यामागचं प्रमाण मांडलं होतं. तुळईची रुंदी b आणि उंची d असेल, तर मोडण्यापूर्वी ती किती भार पेलेल हे b × d × d या गुणाकारावर ठरतं. रुंदी एकदाच मोजली जाते, उंची मात्र दोनदा. चौकोनी तुळईचा कर्ण म्हणजेच ओंडक्याचा व्यास D. त्यामुळे पायथागोरसच्या प्रमेयानुसार b² + d² = D² हे बंधन आलं. आता प्रश्न असा, की ज्यांची बेरीज ठरलेली आहे अशा दोन राशींपासून हा एकांगी गुणाकार जास्तीत जास्त किती होऊ शकतो?

शाळेत शिकलेली असानता इथे आठवते: धन संख्यांचा अंकगणिती मध्य त्यांच्या भूमितीमध्याहून कधीच लहान नसतो आणि सगळ्या संख्या समान असतील तेव्हाच दोन्ही मध्य सारखे होतात. तीन संख्यांसाठी याचा अर्थ असा, की त्यांचा गुणाकार (बेरीज ÷ 3)³ च्या वर जात नाही. आपल्याला हव्या असलेल्या गुणाकाराचा वर्ग केला तर b² × d² × d² मिळतं. म्हणजे b², d², d² या तीन संख्या घ्याव्यात असं वाटतं. पण त्यांची बेरीज b² + 2d² होते आणि ती स्थिर नाही. d बदलला की तीही बदलते. ती 2D² हून कमी राहते एवढं मात्र म्हणता येतं. त्यावरून ताणूनताणून मर्यादा काढली, तर b × d × d हे सुमारे 0.544 D³ हून कमी आहे असं निघतं. विधान खोटं नाही, पण ती उंची कुठलीच तुळई गाठणार नाही. गुणाकाराला वरून बांधताना ही खूण नेहमी तपासावी: समानता येण्यासाठी जी अट लागते ती आपल्या बंधनात बसते का? इथे तिन्ही संख्या समान, म्हणजे b = d, हवं; आणि त्याच वेळी बेरीज 2D² व्हायची तर b शून्य हवा. दोन्ही एकदम होणं शक्य नाही, म्हणून ही मर्यादा सैल आहे.

उपाय छोटा आहे. d² दोनदा घ्यायचा तर त्याचे दोन अर्धे करून घ्या: b², d²/2, d²/2. आता बेरीज बरोबर D² आहे आणि ती हलत नाही. या तिघांचा गुणाकार b²d⁴/4 आहे, तो (D²/3)³ म्हणजे D⁶/27 च्या वर जाणार नाही. म्हणून b²d⁴ जास्तीत जास्त 4D⁶/27, आणि वर्गमूळ घेतलं की b × d × d जास्तीत जास्त सुमारे 0.385 D³. ही मर्यादा खरोखर गाठली जाते: तिन्ही संख्या D²/3 झाल्या की b² = D²/3 आणि d² = 2D²/3. उंची ही रुंदीच्या √2 पट, म्हणजे सुमारे 1.41 पट.

असमान भारांची असमानता म्हणतात ती हीच. b² ला एक भार दिला, d² ला दोन. सर्वसाधारण रूप असं: भारांची बेरीज 1 धरली, एका राशीचा भार w आणि दुसरीचा 1 − w, तर

x^w · y^(1−w) ≤ w·x + (1−w)·y

आणि x = y असेल तेव्हाच समानता. भार पूर्णांकांच्या प्रमाणात असतील तर वरच्यासारखे तुकडे करून काम भागतं. भार √2 सारखा असेल तर तुकडे कसे करणार? त्यासाठी जॉर्ज पोल्या यांची सिद्धता फार देखणी आहे, असं माझं मत. कोणत्याही t साठी e^t ≥ 1 + t, एवढंच त्यात लागतं. भारित सरासरीला A म्हणा आणि प्रत्येक संख्येसाठी t = (संख्या ÷ A) − 1 घ्या. म्हणजे प्रत्येक संख्या ÷ A ही e^t हून मोठी नाही. प्रत्येक असमानतेचा घात तिच्या भाराने करून सगळ्यांचा गुणाकार केला, की उजवीकडे e च्या घातांकात भारित t ची बेरीज येते आणि ती नेमकी शून्य असते. म्हणून भारित गुणाकार A च्या वर जात नाही. भार परिमेय असण्याची गरजच राहत नाही.

आता ३० सेंटिमीटरचा ओंडका. चौरस कापला तर बाजू 21.2 सेंटिमीटर, छेदाचं क्षेत्रफळ 450 चौरस सेंटिमीटर आणि b × d × d सुमारे 9546. असमानतेने सुचवलेली तुळई 17.3 रुंद आणि 24.5 उंच, क्षेत्रफळ सुमारे 424, पण गुणाकार सुमारे 10392. लाकूड जवळपास सहा टक्के कमी आणि ताकद जवळपास नऊ टक्के जास्त. आखणीही सोपी आहे: कापलेल्या गोल तोंडावर व्यास आखून त्याचे तीन समान भाग करायचे, मधल्या दोन बिंदूंपासून परस्परविरुद्ध बाजूंना लंब काढायचे आणि ते परिघाला छेदतात ते दोन बिंदू व्यासाच्या टोकांना जोडायचे. आयत तयार. अर्थात ती बसवताना उभीच बसवायला हवी. आडवी टाकली तर ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटते आणि सगळं गणित फुकट जातं.

इथे एक चकवा आहे. उंचीचा घात दोन, रुंदीचा एक, म्हणून उंची रुंदीच्या दुप्पट असावी असं पटकन वाटतं. तसं केलं तर गुणाकार सुमारे 9660 येतो, चौरसाहून जेमतेम बरा. भार द्यायचे ते ज्यांची बेरीज स्थिर आहे त्या राशींना, आणि इथे स्थिर आहे ती वर्गांची बेरीज. b + d स्थिर असतं, तर मात्र दुप्पट हेच उत्तर बरोबर ठरलं असतं.

चीनमध्ये ११०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘यिंगझाओ फाशी’ या बांधकामाच्या ग्रंथात ली जिए याने लाकडी घटकाच्या छेदासाठी उंची १५ भाग आणि रुंदी १० भाग असं प्रमाण दिलं आहे, म्हणजे 1.5. हे प्रमाण कसं ठरलं असेल ते असो. आपल्या ओंडक्यात त्याने गुणाकार सुमारे 10369 येतो, कमालीपेक्षा पाव टक्क्याहूनही कमी घट. शिखराजवळ हा आलेख सपाट असतो, त्यामुळे कापताना अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तरी काळजी नाही.

मोडण्याऐवजी तुळईने कमीत कमी लवावं अशी अपेक्षा असेल, तर प्रश्न बदलतो. लवण्याला होणारा विरोध b × d × d × d वर ठरतो. आता भार 1 आणि 3: d² चे तीन तुकडे करायचे, व्यासाचे चार भाग करून पहिल्या आणि तिसऱ्या बिंदूपासून लंब काढायचे, आणि तुळई येते १५ रुंद, २६ उंच. चौरसाच्या तुलनेत ती सुमारे तीस टक्के अधिक ताठ असते. घात जसजसा वाढत जाईल तसतशी तुळई उंच आणि सडपातळ होत जाईल. पण फार सडपातळ तुळई भाराखाली बाजूला कलून पिळवटते, आणि ही शक्यता b आणि d च्या या गुणाकारात कुठेच लिहिलेली नसते. लाकडातल्या गाठी आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला ओंडका यांचंही तसंच आहे. निमुळत्या ओंडक्याचा व्यास बारीक टोकाशीच मोजावा लागतो.