शिखर, दरी आणि घनसमीकरणाची मुळे

शाळेत वर्गसमीकरणे सोडविताना आपणा सर्वांना एक सवय जडलेली असते. विवेचक ऋण आला, म्हणजेच वर्गमुळाच्या चिन्हाखाली ऋण संख्या आली, की ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहून आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. वर्गसमीकरणापुरते हे योग्यच आहे. घनसमीकरणात मात्र ही सवय आपल्याला नेमकी फसविते.

इटलीतील गणिती जेरोलामो कार्दानो यांनी १५४५ साली ‘आर्स मॅग्ना’ या ग्रंथात घनसमीकरण सोडविण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. पुढे १५७२ साली राफाएल बॉम्बेल्ली यांनी आपल्या बीजगणितावरील ग्रंथात क्ष³ = १५क्ष + ४ हे समीकरण विचारात घेतले. त्याला ते सूत्र लावले असता वर्गमुळाखाली −१२१ ही संख्या येते. सवयीप्रमाणे येथेच थांबावेसे वाटेल. परंतु क्ष = ४ घेऊन पाहा. डावी बाजू ६४ येते आणि उजवी बाजूही ६४ येते. म्हणजे एक वास्तव मूळ तर समोरच आहे! मग अशी मुळे एकंदर किती, हे समीकरण न सोडविता कसे ओळखावे?

त्यासाठी सर्व पदे एका बाजूस आणून क्ष³ − १५क्ष − ४ या पदावलीचा आलेख डोळ्यांपुढे आणू. हा आलेख जेथे आडव्या अक्षाला छेदतो, तेथे मूळ असते. फार डावीकडे आलेख अक्षाच्या खूप खाली असतो आणि फार उजवीकडे खूप वर असतो. त्यामुळे तो अक्षाला निदान एकदा तरी छेदणारच. अधिक वेळा छेदतो की नाही, हे मधल्या चढउतारावर अवलंबून आहे.

आलेख जेथे वळतो, तेथे त्याचा चढ शून्य होतो. चढ सांगणारा विकलज येथे ३क्ष² − १५ आहे. तो शून्य मानल्यास क्ष = −√५ आणि क्ष = √५ ही दोन स्थाने मिळतात. पहिल्या स्थानी शिखर आहे आणि तेथील उंची १०√५ − ४, म्हणजे सुमारे १८.३६ भरते. दुसऱ्या स्थानी दरी आहे आणि तेथील किंमत −१०√५ − ४, म्हणजे सुमारे −२६.३६ येते. शिखर अक्षाच्या वर आणि दरी अक्षाच्या खाली आहे. म्हणून शिखराकडे चढताना एकदा, दरीकडे उतरताना एकदा आणि पुन्हा वर जाताना एकदा, असा आलेख तीन वेळा अक्षाला छेदतो. प्रत्येक टप्प्यात तो केवळ चढतो किंवा केवळ उतरतो, त्यामुळे एका टप्प्यात दुसरा छेद संभवत नाही. वास्तव मुळे तीनच आहेत: −२ − √३, −२ + √३ आणि ४.

येथे एक चूक वारंवार होते. शिखर आणि दरी सापडली, की काही विद्यार्थी ‘तीन मुळे’ असे लिहून मोकळे होतात. आता क्ष³ − १५क्ष + ३० = ० हे समीकरण पाहा. वळणाची स्थाने तीच आहेत. केवळ संपूर्ण आलेख ३४ एककांनी वर उचलला गेला आहे. शिखराची उंची सुमारे ५२.३६ आणि दरीची सुमारे ७.६४ झाली. दोन्ही अक्षाच्या वर आहेत, म्हणून मूळ एकच, तेही −५ आणि −४ यांच्या दरम्यान. दरी किंवा शिखर अक्षाला नेमके टेकले, तर तेथे दुहेरी मूळ असते. विकलज कोठेच शून्य होत नसेल, तर आलेख वळतच नाही आणि मूळ एकच राहते.

दरी अक्षाच्या अगदी जवळ असेल, तर दशांश अपूर्णांक दगा देतात. क्ष³ − १५क्ष + २२.३६ मध्ये √५ ऐवजी २.२३६ घेऊन १०√५ = २२.३६ मानले, तर दरीची किंमत शून्य भासते. अशा वेळी √५ तसेच ठेवून दोन्ही उंचींचा गुणाकार करावा. अचर पद २२.३६ असता तो (२२.३६)² − ५००, म्हणजे −०.०३०४ येतो. गुणाकार ऋण, म्हणजे चिन्हे विरुद्ध, मुळे तीन.

आता बॉम्बेल्लींच्या समीकरणाकडे परत येऊ. तेथे हाच गुणाकार १६ − ५०० = −४८४ आहे. त्याचा चौथा भाग −१२१, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली आलेली तीच संख्या. हा योगायोग नव्हे. क्ष³ चा सहगुणक १ असलेल्या आणि क्ष² चे पद नसलेल्या प्रत्येक घनसमीकरणात वर्गमुळाखालील संख्या या गुणाकाराचा चौथा भागच असते. म्हणून तेथील ऋण चिन्ह मुळे नसल्याचे सांगत नाही. शिखर आणि दरी अक्षाच्या दोन बाजूंना आहेत आणि तिन्ही मुळे वास्तव आहेत, हेच ते सांगते.