तेच वाक्य, पण तो की ती?

मिक्सरच्या माहितीपुस्तिकेत साफसफाईआधी प्लग काढण्याची सूचना किती ठिकाणी येते, हे ग्राहक मोजत नाही. ती भांडे धुण्याच्या पानावर असते, पाते बदलण्याच्या पानावर असते, बिघाडाच्या तक्त्यात असते, आणि कंपनीची सहा मॉडेल असतील तर सहाही पुस्तिकांत असते. इंग्रजीत ते एकच वाक्य जसेच्या तसे चिकटवलेले असते. हे काम चार अनुवादकांत वाटले की मराठीत त्याची चार वाक्ये होतात. एक जण लिहितो, ‘साफ करण्यापूर्वी उपकरणाचा प्लग काढा’. दुसरा लिहितो, ‘स्वच्छ करण्याआधी मिक्सर अनप्लग करा’. तिसरा लिहितो, ‘साफसफाईपूर्वी वीजपुरवठा बंद करा’. पहिल्या दोन वाक्यांत फरक शब्दांचाच आहे. तिसऱ्याने मात्र सूचनाच बदलली. भिंतीवरचे बटण बंद केले की ती पाळली गेली, प्लग सॉकेटमध्येच राहिला, आणि भांड्यात हात घातल्यावर दुसऱ्या कुणी ते बटण चालू केले तर पाते फिरणार. पुस्तिकेतली एकवाक्यता शैलीची हौस म्हणून मागितली जात नाही, ती यासाठी मागितली जाते.

यावरचा सर्रास उपाय म्हणजे ट्रान्सलेशन मेमरी, धंद्यातल्या बोलीत टीएम. कल्पना जुनी आहे. 1980 साली मार्टिन के या भाषाशास्त्रज्ञाने अनुवादकाला बाजूला न सारता त्याच्या हाताशी राहणाऱ्या यंत्राचा आराखडा मांडला होता, आणि आजच्या ट्रॅडॉस, मेमोक्यू किंवा मोफत मिळणाऱ्या ओमेगाटी यांची जातकुळी तीच. सॉफ्टवेअर मजकूर सेगमेंटमध्ये तोडते. सेगमेंट म्हणजे बहुधा एक वाक्य, पण शीर्षक, तक्त्यातला एक चौकोन किंवा बटणावरचा एक शब्दही सेगमेंट असतो. अनुवादकाने सेगमेंट पूर्ण केला की इंग्रजी आणि मराठी ही जोडी साठवली जाते. तेच इंग्रजी पुन्हा आले की शंभर टक्के मॅच म्हणून जुने मराठी समोर येते. थोडा फरक असेल तर फझी मॅच म्हणून, टक्केवारीसह. ही टक्केवारी इंग्रजी वाक्यांच्या तुलनेतून निघते, हे लक्षात ठेवावे. ‘भांडे गरम पाण्याने धुवा’ आणि ‘भांडे गरम पाण्याने धुऊ नका’ यांची इंग्रजी मुळे दिसायला जवळजवळ सारखी असतात, म्हणून मॅच चांगली घसघशीत दिसते आणि अर्थ नेमका उलटा असतो.

टीएम घेतली की एकवाक्यता आपोआप येते, हा समज मला सगळ्यात महाग वाटतो. टीएम फक्त आठवते. काय आठवावे हे तिला कळत नाही. चौघे एकाच दिवशी आपापल्या फायलींना भिडले तर प्लगचे वाक्य चौघांसमोरही कोरेच येते. सर्व्हरवर सामायिक टीएम असली तरी ज्याने पहिल्यांदा एंटर दाबला त्याचे वाक्य बाकीच्यांना मिळते, म्हणजे निवड चांगल्या वाक्याची होत नाही, घाई करणाऱ्याची होते. म्हणून फायली वाटण्याआधी सगळ्या एकत्र करून वारंवार येणारे सेगमेंट वेगळे काढावेत. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. ते एकाच अनुवादकाने करावेत, दुसऱ्याने तपासावेत, मंजूर टीएममध्ये घालावेत, आणि मग उरलेले काम वाटावे. सोबत शब्दसूची हवी, कारण झाकण, टोपण आणि लिड हे तिन्ही एका पुस्तिकेत नांदले तर वाचणारी बाई तीन वेगळे भाग शोधत बसेल.

इथपर्यंतचे कुठल्याही भाषेला लागू आहे. मराठीची अडचण पुढे सुरू होते. इंग्रजी पुस्तिकेत तीन ठिकाणी एकच वाक्य आहे असे समजा: ते काढा, धुवा आणि पूर्ण कोरडे झाल्याची खात्री करून परत बसवा. इंग्रजीतल्या ‘इट’ला लिंग नाही. पहिल्या ठिकाणी वर झाकणाची गोष्ट चालली आहे, दुसऱ्या ठिकाणी रबरी रिंगची, तिसऱ्या ठिकाणी फिल्टरची. म्हणजे ‘ते कोरडे झाले’, ‘ती कोरडी झाली’ आणि ‘तो कोरडा झाला’. टीएमच्या दृष्टीने तिन्ही शंभर टक्के मॅच, आणि झाकणाचे मराठी ती रिंगलाही निमूटपणे चिकटवते. अनेक एजन्सी पूर्ण मॅचला नगण्य दर देतात, कधी काहीच देत नाहीत, त्यामुळे तिकडे कुणी वळूनही पाहत नाही.

यावर एक आक्षेप असा: मग प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रच अनुवाद करावा, मेमरीचे जोखड कशाला? पण मराठीतच याची सुटका आहे. आपल्या आज्ञार्थाला आणि ‘-ऊन’ रूपाला कर्माचे लिंग लागत नाही. ‘काढून धुवा. नीट सुकू द्या, मगच परत बसवा.’ हे झाकणाला चालते, रिंगला चालते, फिल्टरलाही चालते, आणि ‘खात्री करा’च्या सरकारी वळणापेक्षा बोलीला जवळचे आहे. मंजूर सेगमेंट लिहिणाऱ्याचे खरे कसब हेच, की वाक्य अनेक जागी बसेल असे घडवायचे. अर्थात सगळीकडे हे जमत नाही. ‘ओपन’ हा एकटा शब्द बटणावर असेल तर ‘उघडा’, स्थिती दाखवत असेल तर ‘उघडे’. अशा वेळी एकवाक्यता मोडावीच लागते, आणि ती उघडपणे मोडावी. ओमेगाटीमध्ये त्यासाठी Create Alternative Translation हा पर्याय आहे. त्या एका जागेचा अनुवाद आजूबाजूच्या मजकुराच्या खुणेसह वेगळा साठतो, बाकी ठिकाणी मूळच राहतो. इतर सॉफ्टवेअर मागचे-पुढचे सेगमेंट जुळले तरच मॅच पक्की मानतात. एका शब्दाच्या सेगमेंटला मात्र माणसाची नजर लागतेच, आणि तिचे पैसेही द्यायला हवेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चुकीचे वाक्य मंजूर झाले तर टीएम ती चूक सहाही पुस्तिकांत पसरवते. खरे आहे. पण पसरलेली एकच चूक एका जागी दुरुस्त करता येते, चार तऱ्हांच्या चुका आधी शोधाव्या लागतात. अट इतकीच, की दुरुस्ती टीएममध्ये व्हावी. प्रत्यक्षात होते असे: पाने लावून झाली, पीडीएफ कंपनीकडे गेली, तिथल्या कुणीतरी ‘वीजपुरवठा बंद करा’वर लाल खूण केली, आणि मांडणी करणाऱ्याने ती थेट पानावर सुधारली. छापील पुस्तिका बरोबर निघते, टीएममध्ये जुनेच वाक्य राहते, आणि पुढच्या वर्षी नव्या मॉडेलच्या पुस्तिकेत ते शंभर टक्के मॅच म्हणून हसतमुखाने परत येते.

शोधून बदलतानाही देवनागरी एक खोडी करते. ‘दुसऱ्या वेगावर’ यातला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एका कीबोर्डवरून U+0931 या स्वतंत्र अक्षराने, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि U+200D हे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, शोधात मात्र एक सापडते आणि दुसरे निसटते. चार जणांचे चार कीबोर्ड असले की ‘दुसऱ्या’ शोधून एकवीस ठिकाणी बदलले असे वाटते, आणि तितकीच जुनी वाक्ये तशीच राहिलेली असू शकतात. काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी एकच कीबोर्ड ठरवायचा, आणि टीएम बंद करण्यापूर्वी U+200D वेगळे शोधून पाहायचे.