चण्याएवढा माइक आणि त्याच्या मागची जुळवाजुळव

इलेक्ट्रेट माइक म्हणजे चण्याएवढी ॲल्युमिनियमची डबी. आतल्या पडद्यावर विद्युतभार कायमचा कोंडलेला असतो, म्हणून पडद्याला बाहेरून व्होल्टेज द्यावं लागत नाही. पण त्याच डबीत एक बारका एफईटी ट्रान्झिस्टर बसवलेला असतो, आणि त्याला मात्र वीज लागते. ती त्याला बायस रेझिस्टरमधून मिळते.

पाच व्होल्टवर चालणारं छोटं रेकॉर्डर जुळवताना मी हाताला लागला तो 10 किलोओहमचा रेझिस्टर लावला. आवाज चिरका आणि फाटका आला. मीटर माइकच्या दोन टोकांना लावला तेव्हा कळलं, तिथे जेमतेम अर्धा व्होल्ट शिल्लक होता. माझा माइक सुमारे 0.45 मिलिअँपियर ओढतो, म्हणजे साडेचार व्होल्ट रेझिस्टरच खाऊन टाकत होता. 2.2 किलोओहम लावल्यावर तिथे चार व्होल्ट दिसले आणि आवाज माणसात आला.

आता हे चार व्होल्ट पुढे जाऊ द्यायचे नाहीत, त्यांच्यावर स्वार झालेली आवाजाची लहर तेवढी जाऊ द्यायची. ते काम कपलिंग कपॅसिटरचं. माझ्या ऑप-ॲम्पचा इनपुट रेझिस्टर 10 किलोओहमचा आहे. त्याच्यासोबत 0.1 मायक्रोफॅरड लावला तर सुमारे 130 हर्ट्झखालचे स्वर उतरू लागतात आणि पुरुषाच्या आवाजातली भरदारी जाते. 1 मायक्रोफॅरड लावला तर टेबलावरची प्रत्येक थाप ढम्मकन रेकॉर्ड होते. मी 0.22 वर थांबलो. त्याची वेस साठ हर्ट्झच्या आसपास येते. गाणं रेकॉर्ड करणाऱ्याने मोठा घ्यावा, मला फक्त बोलणं हवं होतं.

वीतभर अंतरावरून जरा मोठ्याने बोललं की माइक दोनेक मिलिव्होल्ट देतो. ऑप-ॲम्पचा आउटपुट मी अडीच व्होल्टवर टेकवलाय, म्हणजे वर-खाली अडीच-अडीच व्होल्टची जागा. फीडबॅकला 2.2 मेगाओहम लावला की गेन 220. माइकवर पडणारा भार धरला तर हातात येतो सुमारे 180. सरासरी पातळी 0.36 व्होल्ट झाली तरी शब्दांची टोकं त्याच्या चौपट, म्हणजे दीड व्होल्टपर्यंत उसळतात. उरलेला एक व्होल्ट खोकल्यासाठी! गेन आणखी वाढवला तर तीच टोकं छाटली जातात, आणि छाटलेला आवाज नंतर कुणालाच सांधता येत नाही.

एवढं करूनही रेकॉर्डिंगमागे टक् टक् येत होतं. मेमरी कार्डावर लिहिताना पुरवठ्याचं व्होल्टेज क्षणभर दचकायचं, आणि तो दचका बायस रेझिस्टरमधून थेट माइकच्या तारेवर उतरायचा. त्या रेझिस्टरच्या आधी 1 किलोओहमचा आणखी एक जोडला, दोघांच्या सांध्यावरून जमिनीला 100 मायक्रोफॅरड. माइकवर अर्धा व्होल्ट कमी झाला. टक् टक् गेली.