रोलओव्हरची पंधरा-वीस मिनिटे

परकीय चलनाच्या बाजारात दिवस न्यूयॉर्कच्या घड्याळानुसार संध्याकाळी ५ वाजता बदलतो. हाजिर व्यवहाराची देवघेव बहुतेक चलनजोड्यांत दोन कामकाजी दिवसांनी पूर्ण व्हायची असते. त्यामुळे ५ वाजता जे सौदे उघडे राहतात, त्यांची देय तारीख एक दिवस पुढे सरकते. याला रोलओव्हर म्हणतात. तारीख पुढे नेताना दोन चलनांच्या व्याजदरांतला फरक खात्यात जमा होतो किंवा कापला जातो. बुधवारी तो तिप्पट लागतो, कारण देय तारीख शुक्रवारवरून थेट सोमवारवर जाते.

हिशेबाचा हा भाग सरळ आहे. अडचण होते ती त्या वेळी बाजारात माणसे नसल्याने. न्यूयॉर्कमधले व्यापारी उठलेले असतात, वेलिंग्टन आणि सिडनी नुकते जागे होत असतात, टोकियो अजून यायचे असते. बँकांच्या यंत्रणा दिवसाचा हिशेब बंद करतात आणि काही व्यवहारमंच थोडा वेळ थांबतात. भाव देणाऱ्यांपैकी बरेच जण या मिनिटांपुरते बाजूला होतात. जे उरतात त्यांना घेतलेला माल लगेच दुसरीकडे खपवता येईल याची खात्री नसते, म्हणून ते बिड खाली आणि आस्क वर ठेवतात. दोहोंतले अंतर म्हणजे स्प्रेड. युरो-डॉलरसारख्या गजबजलेल्या जोडीत एरवी तो एका पिपच्या आसपास असतो. या मिनिटांत तो कैक पटींनी वाढू शकतो. कमी उलाढालीच्या जोड्यांत तर विचारूच नये.

यात नेमके काय बिघडते ते एका काल्पनिक सौद्यावरून पाहू. एका प्रोग्रॅमने युरो-डॉलर १.०८५० ला विकला आहे आणि स्टॉप-लॉस १.०८५८ ला लावला आहे. रोलओव्हरच्या आधी बिड १.०८५० आणि आस्क १.०८५१ आहे. घड्याळात ५ वाजून २ मिनिटे होतात आणि भाव येतो: बिड १.०८४६, आस्क १.०८५९. दोन्हींचा मध्य काढला तर किंमत जेमतेम दोन पिप हलली आहे. पण विकलेला सौदा बंद करायचा म्हणजे विकत घ्यायचे, आणि खरेदी आस्कला होते. आस्कने स्टॉप ओलांडला, सौदा १.०८५९ ला बंद झाला, नऊ पिपचा तोटा पडला. थोड्या वेळाने भाव पुन्हा १.०८५० आणि १.०८५२ वर आला.

नंतर आलेख उघडणारा माणूस चक्रावतो. बरेच ट्रेडिंग प्रोग्रॅम आलेख फक्त बिडवर काढतात. तिथे दिसते ती चार पिपची घसरण, म्हणजे विकणाऱ्याच्या फायद्याची हालचाल. स्टॉप मात्र वरच्या बाजूचा लागलेला! ब्रोकरने फसवले असा आरोप इथूनच सुरू होतो. तो प्रत्येक वेळी खोटा असतो असे नाही, पण आधी त्या क्षणाचा आस्क तपासायला हवा. त्यासाठी प्रोग्रॅमच्या नोंदीत दर भावाचे बिड, आस्क आणि वेळ हे तिन्ही लिहून ठेवलेले असावे लागतात.

हाच बिडवरचा आलेख उलट्या दिशेनेही फसवतो. जुन्या आकड्यांवर चाचणी घेताना रोज रात्री त्याच वेळी एक छोटी घसरण आणि लगेच सावरणे दिसते. ‘घसरणीत घ्या, सावरल्यावर विका’ असा नियम कागदावर भरघोस कमावतो. प्रत्यक्षात १.०८४६ दिसत असताना घेणाऱ्याला १.०८५९ मोजावे लागले असते. स्थिर स्प्रेड धरून केलेली रात्रीची चाचणी म्हणूनच बिनकामाची ठरते.

पहिली गरज अचूक वेळेची. अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना न्यूयॉर्कचे ५ म्हणजे भारतातले पहाटेचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. शरद ऋतूतही दोघांच्या तारखा जुळत नाहीत. ज्या प्रोग्रॅममध्ये सर्व्हरची किंवा लंडनची वेळ पक्की लिहिलेली असते, त्याची खिडकी या आठवड्यांत तासभर चुकू शकते. म्हणून वेळ न्यूयॉर्कवरूनच काढावी:

```python
from datetime import datetime
from zoneinfo import ZoneInfo

ny = datetime.now(ZoneInfo("America/New_York"))
m = ny.hour * 60 + ny.minute
rollover = 16*60 + 50 <= m < 17*60 + 20
```

(मुंबईच्या एनएसईवर चलनांचे सौदे संध्याकाळीच आटोपतात, त्यामुळे ही खिडकी तिथे येतच नाही. पहाटे अडीचला घरबसल्या अशा जोड्यांत सौदे करू देणाऱ्या परदेशी संकेतस्थळांपैकी अनेक रिझर्व्ह बँकेच्या सावधगिरीच्या यादीत आहेत.)

खिडकी सुरू असताना नवा सौदा उघडायचा नाही, हा नियम सोपा आणि जवळपास बिनखर्चाचा आहे. उघड्या सौद्यांचे काय करायचे हा प्रश्न अवघड आहे, कारण ब्रोकरच्या सर्व्हरवर ठेवलेला स्टॉप प्रोग्रॅमला न विचारता लागतो. थोड्या पिपांच्या नफ्यासाठी घेतलेला सौदा खिडकीआधीच बंद केलेला बरा. दिवसेंदिवस ठेवायच्या सौद्यात स्टॉप मुळातच लांब आणि त्या प्रमाणात सौदा लहान ठेवावा. काही जण जवळचा स्टॉप प्रोग्रॅममध्ये ठेवतात, तो मध्य किमतीवर तपासतात आणि सर्व्हरवर दूरचा स्टॉप आधाराला ठेवतात. वरच्या उदाहरणातला सौदा अशाने वाचला असता. दूरचा स्टॉप काढून टाकणे मात्र धोक्याचे, कारण इंटरनेट तुटले तर प्रोग्रॅममधला स्टॉप असून नसल्यासारखाच.

स्प्रेड रुंद असणे आणि भाव चुकीचा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुंद स्प्रेड हा त्या क्षणाचा खरा, फक्त महाग भाव असतो. चुकीचा भाव वेगळ्या खुणांनी ओळखू येतो: बिड आस्कच्या वर गेलेला असतो, वेळेचा शिक्का मिनिटभर जुना असतो, किंवा तीन जोड्यांचे गणित जुळत नाही. युरो-डॉलर १.०८५० आणि डॉलर-येन १५०.०० असेल तर युरो-येन १६२.७५ च्या आसपास हवा. तो एकटाच १६१.२० दाखवत असेल आणि हा फरक तिन्ही स्प्रेडांत मावत नसेल, तर त्या भावावर काहीही करू नये, पुढच्या भावाची वाट पाहावी.

पण ही चाळणी फार घट्ट करून चालत नाही. ३ जानेवारी २०१९ रोजी भारतात पहाटेचे चार वाजून गेले होते, न्यूयॉर्कमध्ये रोलओव्हर होऊन अर्धा तास उलटला होता आणि जपानमध्ये सुट्टी होती. काही मिनिटांत डॉलर १०५ येनच्या खाली घसरला, ऑस्ट्रेलियन डॉलरही येनसमोर कोसळला. नंतर किंमत बरीचशी सावरली, तरी त्या पडलेल्या भावांना खरे सौदे झाले होते. ‘आधीच्या भावापेक्षा फार दूर, म्हणजे चूक’ असे मानणाऱ्या चाळणीने ही घसरण कचरा म्हणून फेकली असती आणि तोट्यातला सौदा तसाच उघडा राहिला असता. म्हणून प्रवेशाची चाळणी कडक आणि बाहेर पडण्याची सैल असावी. दूरचा भाव तीन-चार वेळा सलग आला, संबंधित जोड्याही त्याच दिशेला गेल्या आणि मध्य किंमतही सरकली, तर ती हालचाल खरी समजून सौदा बंद करावा.

खिडकी केव्हा संपली हेही केवळ घड्याळावरून ठरवू नये. ५ वाजून २० मिनिटे झाली तरी स्प्रेड त्या जोडीच्या नेहमीच्या मधल्या आकड्याच्या दुपटीवर असेल, तर प्रोग्रॅमने थांबून राहावे, आणि तो सलग काही मिनिटे आटोक्यात राहिल्यावरच नव्या ऑर्डरी सुरू कराव्यात.